दोन टॅन आणि एक डिमांड

आयकराचे रिटर्न बंगळूरच्या प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला सीपीसी म्हणतात तिथे, तपासून झाले की कलम १४३(१) खालची इंटिमेशन ईमेलवर येते. सोबतची पीडीएफ पासवर्ड टाकल्याशिवाय उघडत नाही. आधी पॅन लहान अक्षरांत, मग जन्मतारीख आठ आकड्यांत, मध्ये जागा न सोडता. ती उघडली की बहुतेक लोक थेट शेवटच्या आकड्यावर जातात. तिथे परतावा दिसला तर पीडीएफ मिटते आणि डिमांड दिसली तर फोन लागतो. मधली पाने कोणी वाचत नाही, आणि डिमांड का निघाली हे नेमके त्या मधल्या पानांत असते.

मी पुण्यात करसल्लागार म्हणून काम करते. दर वर्षी ऑक्टोबरपासून या इंटिमेशन यायला लागतात. त्यांतल्या ज्या डिमांड माझ्याकडे येतात, त्यांत टीडीएसचे क्रेडिट न धरल्यामुळे निघालेल्या पुष्कळ असतात. कर कापला गेलेला असतो, तो सरकारकडे पोचलेलाही असतो, आणि तरी तेवढीच रक्कम पुन्हा मागितलेली असते. अशा वेळी माणसाला जो त्रास होतो तो केवळ पैशांचा नसतो. आयुष्यभर वेळेवर कर भरलेल्या माणसाच्या नावावर ‘थकबाकी’ असा शब्द येतो, आणि तो त्याला लागतो.

गेल्या नोव्हेंबरात भोरचे एक निवृत्त शिक्षक आले होते. वय अडुसष्ट. सोबत पुतण्या होता. रिटर्न त्यानेच भरले होते. सरांनी पिशवीतून कागद काढले आणि एकच प्रश्न विचारला, “ताई, बँकेने माझा कर कापलाय, त्याचा दाखला माझ्याकडे आहे. मग हे बारा हजार आठशे कशाचे मागतात?”

त्यांचा हिशेब असा होता. आर्थिक वर्ष २०२४-२५, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६. निवृत्तिवेतन ६,००,००० रुपये. दोन बँकांतल्या मुदतठेवींचे व्याज ५,००,०००. त्यातले १,८०,००० एका राष्ट्रीयीकृत बँकेचे आणि ३,२०,००० एका सहकारी बँकेचे. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली आणि करपात्र उत्पन्न १०,२५,००० उरले. त्यावरचा कर ५३,७५० आणि चार टक्के उपकर २,१५०, मिळून ५५,९००. व्याजावर दोन्ही बँकांनी दहा टक्क्यांनी कर कापला होता, एकीने १८,००० आणि दुसरीने ३२,०००. उरलेले ५,९०० सरांनी रिटर्न भरण्यापूर्वी स्वनिर्धारण कर म्हणून स्वतः भरले होते. पन्नास हजार आणि पाच हजार नऊशे, झाले पंचावन्न हजार नऊशे. हिशेब पैशाला पैसा जुळत होता.

इंटिमेशनमध्ये प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने असतात. डावीकडे करदात्याने रिटर्नमध्ये काय लिहिले ते, उजवीकडे सीपीसीने काय हिशेब केला ते. मी ती नेहमी वरून खाली वाचते आणि दोन रकाने जिथे पहिल्यांदा वेगळे होतात तिथे पेन्सिलीने खूण करते. त्या एका खुणेवर पुढचे सगळे अवलंबून असते. खूण उत्पन्नाच्या ओळीवर पडली, तर सीपीसीने काही उत्पन्न वाढवलेले आहे. वजावटीच्या ओळीवर पडली, तर एखादी वजावट नाकारलेली आहे. ही दोन्ही वेगळी प्रकरणे, आणि त्यांचे उपायही वेगळे. सरांच्या कागदावर निवृत्तिवेतन जुळत होते, व्याज जुळत होते, करपात्र उत्पन्न आणि कर जुळत होता. फरक पहिल्यांदा पडला तो थेट टीडीएसच्या ओळीवर. डावीकडे ५०,०००, उजवीकडे ३७,२००. वजाबाकी १२,८००, आणि डिमांडही तेवढीच.

डिमांड आणि न धरलेले क्रेडिट यांचे आकडे असे तंतोतंत जुळले, याचे कारण सरांचे वय. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या निवासी नागरिकाला आगाऊ कर भरावा लागत नाही, त्यामुळे कलम २३४बी आणि २३४सी चे व्याजही लागत नाही. रिटर्न मुदतीत भरलेले असल्याने २३४ए सुद्धा नाही. साठीच्या आतल्या माणसाच्या बाबतीत हे असे सरळ दिसत नाही. क्रेडिट कमी धरले की सीपीसीच्या हिशेबात आगाऊ कर कमी पडल्यासारखा दिसतो, त्यावर व्याज चढते, आणि डिमांड हरवलेल्या क्रेडिटपेक्षा मोठी निघते. लोक मग त्या जादा रकमेचे वेगळे कारण शोधत बसतात. ते शोधायची गरज नसते. क्रेडिट परत बसले की त्याच्यामुळे लागलेले व्याज आपोआप जाते.

पन्नास हजारांतले नेमके कोणते बारा हजार आठशे धरले नाहीत, हे इंटिमेशनच्या मागच्या पानांवर कळते. तिथे कर कापणाऱ्या प्रत्येकाची वेगळी ओळ असते. त्याचा टॅन, तुम्ही मागितलेले क्रेडिट, आणि दिलेले क्रेडिट. सरांच्या राष्ट्रीयीकृत बँकेचे १८,००० पूर्ण दिलेले होते. सहकारी बँकेच्या ओळीत मागितलेले ३२,००० आणि दिलेले १९,२००.

आता दुसरा कागद काढायचा, २६ एएस. हे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या करकपातीचे सरकारदरबारचे खाते. ते ट्रेसेसच्या संकेतस्थळावर असते आणि आयकराच्या पोर्टलवरून तिथे जाता येते. त्यात सहकारी बँकेच्या नावाने एक गट होता, पॅनवर जमा कर १९,२००. सीपीसीने दिलेला आकडा तोच. मग उरलेले १२,८०० गेले कुठे? दोन ओळी खाली आणखी एका बँकेचे नाव होते. सरांना ते नाव ओळखीचे वाटले नाही. पुतण्याला मात्र लगेच आठवले. त्या वर्षात सरांची सहकारी बँक मुंबईच्या एका मोठ्या सहकारी बँकेत विलीन झाली होती. शाखा तीच, काउंटरवरची माणसे तीच, ठेवीच्या पावत्याही त्याच. पण विलीनीकरणानंतरच्या व्याजावरची करकपात नव्या बँकेच्या टॅनवर भरली गेली होती. व्याज १,२८,०००, कर १२,८००.

टॅन म्हणजे कर कापणाऱ्या संस्थेचा दहा अक्षरी क्रमांक. चार अक्षरे, पाच आकडे, शेवटी एक अक्षर. पहिली तीन अक्षरे जागेची खूण देतात. पुण्याच्या टॅनची सुरुवात `PNE` ने आणि मुंबईच्या टॅनची `MUM` ने होते. सरांच्या २६ एएसमध्ये एका गटावर `PNE` होते आणि दुसऱ्यावर `MUM`. ही दोन वेगळी खाती आहेत, हे तेवढ्या तीन अक्षरांतूनच दिसत होते.

मग रिटर्नमध्ये ३२,००० एकाच टॅनपुढे कसे आले? पुतण्याने जे सांगितले ते फार स्वाभाविक होते. पोर्टलवर रिटर्न उघडले तेव्हा टीडीएसच्या दोन्ही ओळी आधीच भरून आल्या होत्या. शाखेने सरांना जो व्याजाचा दाखला दिला होता, त्यावर मात्र वर्षाचे एकूण व्याज ३,२०,००० आणि एकूण करकपात ३२,००० असे एकच आकडे होते. त्याला वाटले, खालची अनोळखी नावाची ओळ चुकून आली असावी. त्याने ती काढून टाकली आणि वरच्या ओळीत दाखल्याप्रमाणे ३२,००० केले. बेरीज जुळली. माणसाच्या नजरेने पाहिले तर काहीच चुकले नव्हते. सरकारकडे पोचलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त मागितलेला नव्हता.

पण सीपीसीतली जुळणी बेरजेवर चालत नाही. ती टॅनवार चालते, आणि बँकेच्या नावाकडे बघत नाही. एका टॅनपुढे तुम्ही जेवढे मागितले आणि त्याच टॅनने तुमच्या पॅनवर जेवढे दाखवले, त्यांतले जे कमी असेल तेवढे मिळते. `PNE` टॅनवर मागितले ३२,०००, होते १९,२००, म्हणून मिळाले १९,२००. `MUM` टॅनवर होते १२,८००, पण मागितले शून्य, म्हणून मिळाले शून्य. ‘पैसे तर माझ्याच पॅनवर दिसताहेत, मग आपणहून का धरले नाहीत?’ हा सरांचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर आयकर नियम ३७बीए मध्ये आहे. क्रेडिट द्यायला दोन गोष्टी लागतात. एक, कापणाऱ्याने त्याच्या विवरणात दिलेली माहिती. दुसरी, करदात्याने रिटर्नमध्ये केलेली मागणी. दोन्ही हात पुढे आले तरच क्रेडिट बसते. नव्या बँकेने तिचे काम केले होते, मागणी मात्र तिच्या टॅनपुढे आलीच नव्हती.

इथवर आल्यावर उपाय सोपा असतो, पण सर माझ्याकडे येण्याआधीच एक वळसा घेऊन आले होते. डिमांडचा मेल आल्यावर पुतण्याने स्वतःच पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज टाकला होता. `Services` मध्ये `Rectification`, तिथे नवीन अर्ज, करनिर्धारण वर्ष निवडायचे, आणि मग अर्जाचा प्रकार. प्रकारांच्या यादीत पहिल्याच ठिकाणी `Reprocess the return` दिसते. त्यात काही भरावे लागत नाही. रिटर्न पुन्हा तपासा, एवढीच विनंती. त्याने ती केली. काही दिवसांनी कलम १५४ खालचा आदेश आला, आणि त्यात डिमांड जशीच्या तशी, १२,८००.

सरांना वाटले, अर्ज फेटाळला. तो फेटाळला नव्हता. जे मागितले ते सीपीसीने केले होते. त्याच रिटर्नची त्याच २६ एएसशी पुन्हा जुळणी केली, आणि दोन्हीकडे काहीच बदललेले नसल्यामुळे उत्तरही तेच आले. दुरुस्तीच्या अर्जांत वाया जाणारे बहुतेक दिवस मी याच ठिकाणी जाताना पाहते. म्हणून अर्ज टाकण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते. चूक तुमच्या रिटर्नमध्ये आहे की तिकडच्या नोंदीत?

रिटर्न बरोबर आहे, टॅन बरोबर, रक्कम बरोबर, आणि २६ एएसमध्येही आता तेच दिसते आहे, तर `Reprocess the return`. रिटर्नमधलीच नोंद चुकीच्या टॅनपुढे, चुकीच्या रकमेने किंवा चुकीच्या तक्त्यात पडलेली असेल, तर `Tax credit mismatch correction`. पहिल्या प्रकारात रिटर्नला हात लागत नाही. दुसऱ्यात रिटर्नमधले फक्त कर भरल्याचे आणि कापल्याचे तक्ते उघडतात आणि ते बदलता येतात. उत्पन्नाचा एक रुपयाही तिथे बदलता येत नाही. सरांची गरज हीच होती, कारण ३,२०,००० चे व्याज रिटर्नमध्ये आधीच पूर्ण दाखवलेले होते.

हे व्याज पूर्ण दाखवलेले आहे का, ते मी अर्जाच्या आधी मुद्दाम पुन्हा तपासले. टीडीएसचे क्रेडिट त्याच वर्षाचे मिळते ज्या वर्षात त्या रकमेचे उत्पन्न करपात्र आहे. कोणी विलीन झालेल्या बँकेचा करही विसरला आणि व्याजही विसरला असेल, तर नुसते क्रेडिट मागून चालत नाही. तो प्रश्न उत्पन्नाचा होतो, आणि त्यासाठी सुधारित किंवा अद्ययावत रिटर्न लागते. सरांच्या बाबतीत सुधारित रिटर्नची ३१ डिसेंबरची मुदतही अजून शिल्लक होती. त्या वाटेनेही टॅन सुधारता आला असता. पण उत्पन्नात काहीच बदल नसताना सगळे रिटर्न नव्याने भरायचे आणि ते पुन्हा रांगेत लावायचे, हे मला पटले नाही.

अर्ज आम्ही तिथेच बसून भरला. एका अर्जाचा निकाल लागल्याशिवाय त्याच आदेशावर दुसरा टाकता येत नाही, पण पहिल्याचा आदेश आलेला होता, त्यामुळे वाट मोकळी होती. `Tax credit mismatch correction` निवडले की टीडीएसचे तक्ते शेवटच्या तपासलेल्या रिटर्नवरून भरून येतात. इथे थांबून बघायचे. या तक्त्यांत दिसतात ते रिटर्नमधले जुने, म्हणजे चुकीचेच आकडे. ते दिसतात म्हणून बरोबर आहेत असे समजून कोणी तसाच अर्ज पाठवला, तर तो पुन्हा पहिल्या अर्जासारखाच होतो.

सहकारी बँकेच्या `PNE` ओळीत आम्ही व्याज ३,२०,००० चे १,९२,००० केले आणि कर ३२,००० चा १९,२००. मग नवी ओळ घातली. `MUM` टॅन, बँकेचे नाव २६ एएसमध्ये जसे आहे तसे, व्याज १,२८,०००, कर १२,८००, कपातीचे वर्ष तेच. टॅन मी हाताने टाइप करत नाही. २६ एएसमधून उचलून तिथे ठेवते आणि मग अक्षर अक्षर वाचून घेते. इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल झालेला टॅन नजरेला बरोबरच वाटतो. पुतण्या मोठ्याने वाचत होता, सर २६ एएसच्या प्रतीवर बोट ठेवून ताडत होते. चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेला माणूस तो. त्यांच्या नजरेतून काही सुटेल असे वाटत नव्हते. शेवटी तक्त्याची बेरीज पाहिली. एकूण ५०,०००, रिटर्नमध्ये होते तेवढेच. अर्जाने क्रेडिट वाढवले नव्हते, फक्त योग्य दोन ठिकाणी मांडले होते. अर्ज गेला, संदर्भ क्रमांक आला, तो सरांनी वहीत उतरवून घेतला.

त्याच बैठकीत आणखी एक काम करायचे होते. दुरुस्तीचा अर्ज टाकला म्हणून डिमांड आपोआप गोठत नाही. इंटिमेशन हीच मागणीची नोटीसही असते. ती मिळाल्यापासून तीस दिवसांत पैसे भरले नाहीत तर कलम २२०(२) प्रमाणे दर महिन्याला एक टक्का व्याज सुरू होते. सरांच्या बाबतीत महिन्याला १२८ रुपये. शिवाय दुसऱ्या एखाद्या वर्षाचा परतावा येणे असेल, तर आधी सूचना देऊन तो या डिमांडपोटी वळता केला जाऊ शकतो. म्हणून पोर्टलवर `Pending Actions` मध्ये `Response to Outstanding Demand` उघडायचे. तिथे ‘डिमांड मान्य नाही’ असे नोंदवायचे आणि कारण म्हणून दुरुस्तीचा अर्ज केल्याचे लिहायचे. याने डिमांड रद्द होत नाही, पण करदात्याचे म्हणणे नोंदीवर येते. इथे घाईत ‘डिमांड बरोबर आहे’ हा पर्याय दाबू नये, एवढी एक गोष्ट मी सगळ्यांना आवर्जून सांगते. काही जण कटकट नको म्हणून पैसे भरूनच टाकतात. सरही तयार होते. “बारा हजारांसाठी तुम्हाला कशाला त्रास?” मी त्यांना म्हटले, “सर, कर तुम्ही एकदा भरलाय. दुसऱ्यांदा भरायचा नाही.” पुढे दुरुस्ती झाल्यावर भरलेले पैसे परताव्याने मिळू शकतात हे खरे, पण निवृत्त माणसाचे बारा हजार आठशे तोवर कशाला अडकवायचे? दुरुस्तीत डिमांड गेली की तिच्यावर चढलेले हे व्याजही जाते, अशी तरतूद त्याच कलमात आहे.

कायद्याने मुदत बरीच मोठी दिलेली आहे. ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला, ते संपल्यापासून चार वर्षे दुरुस्ती मागता येते. सरांची इंटिमेशन नोव्हेंबर २०२५ ची, म्हणजे ३१ मार्च २०३० पर्यंत. आणि अर्ज आला त्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत त्यावर निर्णय द्यायला हवा, असे बंधन प्राधिकाऱ्यावर आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा नवा कायदा लागू झाला असला, तरी आधीच्या वर्षांची अशी प्रकरणे १९६१ च्या कायद्यानेच चालतात.

जानेवारीत सरांचा मेल आला. कलम १५४ चा आदेश, पुन्हा तेच दोन रकाने. टीडीएसच्या ओळीत या वेळी दोन्हीकडे ५०,०००. देय रक्कम शून्य, परतावा शून्य. मी त्यांना पोर्टलवरची थकबाकीची यादीही उघडून पाहायला सांगितले, कारण आदेश आणि ती यादी एकाच क्षणी बदलतात असे नाही. काही दिवसांनी तिथलीही नोंद गेली.

इथे क्रेडिट कागदावर होते, फक्त चुकीच्या ओळीत होते, म्हणून हे मिटले. तेच क्रेडिट २६ एएसमध्ये नसेल तर गोष्ट बदलते. एका तरुण वास्तुरचनाकाराच्या बाबतीत त्याच्या ग्राहक कंपनीने फीवर कर कापला, भरलाही, पण शेवटच्या तिमाहीचे विवरण ३१ मेच्या मुदतीत दिलेच नाही. त्याचे रिटर्न बिनचूक होते. डिमांड निघाली, त्याने लगेच पुन्हा तपासणीचा अर्ज टाकला, आणि डिमांड तशीच परत आली. अशा ठिकाणी आधी धावायचे ते कंपनीच्या हिशेबनिसाकडे. विवरण भरून घ्यायचे, मग २६ एएसमध्ये त्या नोंदीपुढची खूण बघायची. `U` असेल तर विवरणातली नोंद आणि बँकेतले चलन अजून जुळलेले नाही. `F` आला की नोंद पक्की झाली. त्यानंतर अर्ज टाकायचा, आणि तो `Reprocess the return` याच प्रकारचा, कारण त्याच्या रिटर्नमध्ये बदलण्यासारखे काही नव्हतेच. `F` दिसण्याआधी टाकलेला अर्ज म्हणजे एक फुकट गेलेली फेरी.

आणि मग ते प्रकरण येते जिथे दुरुस्तीचा अर्ज पुरा पडत नाही. पगारातून किंवा बिलातून कर कापला, पण कापणाऱ्याने तो सरकारला भरलाच नाही. कलम १५४ ची ताकद नोंदीवरून उघड दिसणाऱ्या चुकीपुरतीच आहे. ती चूक स्पष्ट आणि ढळढळीत असली पाहिजे, लांबलचक युक्तिवाद करून सिद्ध करावी लागणारी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली व्होल्कार्ट ब्रदर्स या मुंबईच्या प्रकरणात ठरवून दिले. सीपीसीपुढे नोंद असते ती २६ एएसची. त्यात तो करच नसेल, तर तिच्या दृष्टीने काही चुकलेलेच नसते. कितीही वेळा अर्ज टाकला तरी उत्तर तेच येणार.

तरी त्या माणसाकडून तो कर पुन्हा वसूल करता येत नाही. कलम २०५ तसे स्पष्ट सांगते. ज्याच्या उत्पन्नातून कर कापला गेला आहे, त्याच्याकडे त्या कापलेल्या रकमेपुरता थेट तगादा लावायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने यशपाल साहनी प्रकरणात २००७ साली हेच मान्य केले. मालकाने पगारातून कापलेला कर भरला नसला, तरी वसुली मालकाकडून करायची, नोकराकडून नव्हे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही मार्च २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना तसे कळवले आहे. म्हणून अशा वेळी सीपीसीचा नाद सोडून आपल्या विभागाच्या करनिर्धारण अधिकाऱ्याकडे जायचे. सोबत पगारपत्रके, नियुक्तिपत्र, आणि बँकेचे असे उतारे ज्यात दर महिन्याला कर वजा होऊनच रक्कम जमा झाल्याचे दिसते. कर कापला गेला हे या कागदांवरून दाखवायचे असते. तो भरला गेला हे दाखवण्याची जबाबदारी नोकराची नाही.

फक्त एक मर्यादा आधीच समजून घ्यावी. कलम २०५ वसुली थांबवते, ते २६ एएसमध्ये नोंद निर्माण करत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे डिमांड निघाली आहे त्याला ते ढाल म्हणून उपयोगी पडते. पण ज्याचा त्याच कापलेल्या करातून परतावा निघायचा आहे, त्याला कापणाऱ्याने पैसे भरून विवरण देईपर्यंत मागे लागावेच लागते.